ऑफर हातात आहे, दुसऱ्या कंपनीचा राउंड बाकी आहे: एचआरकडे मुदत मागायची तर कोणत्या क्रमाने

भरतीच्या कामात असल्यामुळे मला एक मेल सारखा दिसतो. ऑफर लेटर गेलेलं असतं, मुदत सोमवारची असते आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला उमेदवाराचा एका ओळीचा मेल येतो, "मला विचार करायला थोडा वेळ हवाय." किती वेळ, कशासाठी, जॉइनिंगचं काय, काहीच नाही. मग एचआर फोन करते, समोरून फोन उचलला जात नाही आणि मंगळवारी सकाळी हायरिंग मॅनेजर म्हणतो की दुसरा कॅंडिडेट बघा. हे बहुतेक वेळा वेळ मागितल्यामुळे होत नाही, चुकीच्या क्रमाने आणि मोघम मागितल्यामुळे होतं.

हा लेख ज्यांची नोकरी चालू आहे, अजून राजीनामा दिलेला नाही, एका कंपनीची ऑफर आलीय आणि दुसरीकडे शेवटचा राउंड राहिलाय त्यांच्यासाठी आहे. कॅम्पस प्लेसमेंटवाल्यांनी हे जसंच्या तसं वापरू नका, तिथे कॉलेजचे स्वतःचे नियम असतात (बऱ्याच ठिकाणी एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसताच येत नाही), त्यामुळे आधी प्लेसमेंट ऑफिसला विचारायचं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच केस शेवटपर्यंत घेऊ. एक मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये साडेचार वर्षं, कर्वेनगरला राहते, नोटीस पिरियड ६० दिवस. खराडीच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. हिंजवडीच्या कंपनीत दोन टेक्निकल राउंड झालेत, मॅनेजर राउंड बाकी आहे. वार नीट मोजता यावेत म्हणून २०२६ चं कॅलेंडर धरते: लेटर आलं गुरुवारी २ जुलैला संध्याकाळी सहाला, उत्तर द्यायचंय सोमवारी ६ जुलैपर्यंत, हिंजवडीचा राउंड मंगळवारी ७ जुलैला दुपारी चारला. एका दिवसाने घोळ झालाय, आणि असं फार वेळा होतं.

१. हातात नक्की काय आहे ते बघा

फोनवर "काँग्रॅट्स, यू आर सिलेक्टेड" म्हणाले ती ऑफर नाही. पगाराचा आकडा व्हॉट्सॲपवर आला तीसुद्धा नाही. लेटर ऑफ इंटेंट आलं तर ते वाचा, कारण काही कंपन्या त्यावरच होकार मागतात आणि खरं ऑफर लेटर राजीनामा स्वीकारल्याचा मेल दाखवल्यावर देतात. मुदतीचं बोलणं हे लेखी लेटर, त्यातली मुदत आणि जॉइनिंग डेट या तिन्ही गोष्टी समोर असतानाच करायचं. लेटर यायच्या आधीच "मला आठवडा लागेल" म्हणालात तर लेटर बनायच्या आधीच तुमच्याबद्दल शंका तयार होते, आणि मग ते लेटर अप्रूव्हलमध्येच अडकून राहतं.

लेटर आलं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: लेटर मिळालं, धन्यवाद, वाचून उद्या फोन करते. एवढंच. यात होकारही नाही आणि मुदतही मागायची नाही. ह्या मेलचा फायदा असा की एचआरला कळतं तुम्ही गायब झालेला नाहीत, आणि तुम्हाला रात्रभर लेटर वाचायला मिळतं.

ते खरंच वाचा. व्हेरिएबल किती आणि कधी मिळतो, जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलीय का, नव्या कंपनीचा नोटीस पिरियड किती, ऑफिसला किती दिवस जायचंय. शंका असतील त्या एकाच मेलमध्ये विचारा. रोज एक प्रश्न पाठवला की एचआरला वाटतं तुम्ही मुद्दाम दिवस काढताय, आणि नंतर खरी मुदत मागाल तेव्हा ती देण्याची त्यांची इच्छा संपलेली असते.

पगारावर बोलायचं असेल तर ते मुदतीच्या आधी उरकून घ्या. पगारही वाढवा आणि वेळही द्या असं एका दमात मागितलं की समोरच्याला एकच अर्थ लागतो, की ही आमचा आकडा दुसरीकडे दाखवणार आहे.

> चेक: लेटर लिंकवर आलंय का पीडीएफमध्ये? लिंक असेल तर ती कधी बंद होणार ते बघून लिहून ठेवा. पुढे पाचव्या टप्प्यात हे लागणार आहे.

२. पहिला फोन दुसऱ्या कंपनीला

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. ऑफर देणाऱ्या कंपनीला आधी फोन करतात, ती विचारते "किती दिवस?" आणि यांच्याकडे उत्तर नसतं, कारण हिंजवडीवाल्यांना काही विचारलेलंच नसतं. मग अंदाजाने "आठ-दहा दिवस" असं तोंडातून निघून जातं. दहा दिवस ऐकून नाही म्हणणारी एचआर तीन-चार दिवसांना सहज हो म्हणाली असती.

म्हणून आपल्या केसमध्ये शुक्रवारी ३ तारखेला सकाळी दहाला पहिला फोन हिंजवडीला. तिथे तीन गोष्टी विचारायच्या: राउंड एखादा दिवस अलीकडे घेता येईल का, त्या राउंडनंतर अजून काय काय उरतं, आणि लेटर साधारण कोणत्या दिवशी हातात येईल.

बोलायचं साधारण असं: "मॅडम, माझ्याकडे एक लेखी ऑफर आलीय आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुमच्याकडचा रोल मला मनापासून करायचाय म्हणून आधी तुम्हाला फोन केला. मंगळवारचा राउंड सोमवारी होऊ शकेल का? नसेल होत तर मंगळवारीच एचआर डिस्कशन पण उरकता येईल का, म्हणजे मी तिकडे नक्की तारीख सांगू शकेन."

कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. आकडाही नाही. विचारलं तर "तो नंतर बोलू, आत्ता फक्त तारखांचं बघतेय" एवढं पुरतं. आणि ऑफर नसताना "ऑफर आहे" असं म्हणू नका, बऱ्याच कंपन्या लेटरची कॉपी मागतात आणि तिथे खोटं लगेच उघडं पडतं.

उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं. "पॅनलशी बोलून दुपारी सांगते" आणि खरंच दुपारी फोन आला तर त्यांना तुम्ही हव्या आहात. "प्रोसेस चालू आहे, आम्ही कळवू" असं आलं, वार नाही, तारीख नाही, तर समजून जा की अजून दुसरे उमेदवार पुढे आहेत किंवा पोझिशनचं अप्रूव्हल लटकलंय. अशा उत्तरावर मुदत मागण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तुम्ही पाच दिवस मागाल, ते संपतील आणि तुम्ही होतात तिथेच असाल. तसंच दुसऱ्या कंपनीत अजून पहिलाच राउंड झाला असेल तरी मागू नका. शेवटचा राउंड, ठरलेली तारीख, त्यानंतर काय होणार हे माहीत, हे जमत असेल तरच पुढच्या टप्प्याला जा.

आपल्या केसमध्ये दुपारी अडीचला उत्तर आलं: मॅनेजर सोमवारी मुंबईला आहे, राउंड मंगळवारीच होईल, एचआर डिस्कशन बुधवारी, आणि सगळं बरोबर गेलं तर गुरुवारी ९ तारखेला लेटर.

३. तारीख ठरवा, दिवस नाही

आता उलटं मोजायचं. गुरुवारी लेटर येणार म्हणतायत, म्हणजे एक दिवस इकडेतिकडे होणार हे धरून चाला. लेटर आल्यावर घरी बोलायला, दोन्ही लेटर शेजारी ठेवून बघायला एक रात्र. म्हणून मागायची मुदत: शुक्रवार १० जुलै, दुपारी १२.

दुपारी बारा का, संध्याकाळ का नाही? तुम्ही नाही म्हणालात तर एचआरला त्याच दिवशी पुढच्या उमेदवाराला फोन करायचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला नकार आला तर तिचे शनिवार-रविवार वाया जातात आणि सोमवारपर्यंत तो दुसरा उमेदवारही कुठेतरी जातो. बारा म्हणालात की तिच्या हातात अर्धा दिवस राहतो, आणि हे ती मॅनेजरला सांगू शकते.

"चार-पाच दिवस द्या" असं म्हणू नका. चार दिवस म्हणजे कामाचे का कॅलेंडरचे यावरून नेहमी गोंधळ होतो. आणि पुण्यात अजून एक आहे, भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुसरी कंपनी तिकडची असेल तर गुरुवारी लेटर येणार नाही, आणि आयटीवाल्या एचआरला हे सुचणारही नाही. वार आणि तारीख दोन्ही बोला, वेळही बोला.

> सावध: मूळ मुदतीपासून चार-पाच कामाच्या दिवसांच्या पुढे मागायची वेळ येत असेल तर आधी विचार करा. दोन आठवडे मागणं म्हणजे बहुतेक ठिकाणी नकारच समजतात.

४. जॉइनिंग डेटचं गणित आधी स्वतः करा

मला ह्या टप्प्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण उमेदवारांना वाटतं एचआर चार दिवसांवरून अडून बसलीय. तिचं खरं दुखणं जॉइनिंग डेट असतं.

मोजून बघू. मुलीने सोमवारी ६ जुलैला ऑफर स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला, तर ६० दिवस पुढे ४ सप्टेंबर येतो, शुक्रवार. (काही कंपन्या राजीनाम्याचा दिवसही मोजतात, तर एक दिवस अलीकडे येईल, तुमच्या कंपनीत काय आहे ते बघा.) म्हणजे सोमवारी ७ सप्टेंबरला खराडीत जॉइनिंग. लेटरवर हीच तारीख छापलेली आहे.

आता तिने शुक्रवारी १० जुलैला स्वीकारलं आणि त्याच दिवशी राजीनामा टाकला, तर शेवटचा दिवस येतो मंगळवार ८ सप्टेंबर. बुधवारी ९ ला जॉइन होता येईल. दोनच दिवसांचा फरक, वाटतं काय त्यात. पण पुष्कळ कंपन्या जॉइनिंग फक्त सोमवारी घेतात, इंडक्शन तेव्हाच असतं. पुढचा सोमवार १४ सप्टेंबर, त्या दिवशी गणेश चतुर्थी. ऑफिस बंद. मग मंगळवारी १५ ला घेतील किंवा सरळ २१ ला. म्हणजे तुम्ही मागितले चार दिवस आणि मॅनेजरला कळलं की माणूस आठवडा-दोन आठवडे उशिरा येणार. हे एचआरला दिसत असतं, तुम्हाला दिसत नसतं, म्हणून ती ताठ होते.

म्हणून मुदत मागताना जॉइनिंगचं उत्तर तुम्हीच घेऊन जायचं. पर्याय साधारण दोन. एक, बुधवारी ९ ला जॉइनिंग चालेल का हे विचारायचं. दोन, ७ तारीखच पाळायची आणि कमी पडणारे दोन दिवस चालू कंपनीत नोटीस बायआउट करून भरायचे. दुसरा पर्याय तोंडातून काढायच्या आधी तुमच्या सध्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघा की पैसे भरून लवकर सोडता येतं का, आणि ते कंपनीच्या मर्जीवर आहे का. बऱ्याच ठिकाणी मॅनेजर हो म्हणाला तरच मिळतं. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरून घेतील असं गृहीत धरू नका, अनेक कंपन्या धरत नाहीत. खात्री नसेल तर "मी प्रयत्न करेन" म्हणा, "करते" म्हणू नका.

राजीनामा आधी देऊन टाकू, दिवस तर वाचतील, असंही काहीजण करतात. ऑफर स्वीकारलेली नाही, दुसरी आलेली नाही आणि राजीनामा गेला, तर दोन्हीकडून काही बिनसलं की हातात काहीच उरत नाही, आणि राजीनामा मागे घेणं चालू कंपनीच्या इच्छेवर असतं. नका करू.

५. आधी फोन, मग लगेच मेल

फोन कधी: शुक्रवारी ३ तारखेलाच, हिंजवडीचं उत्तर आल्यावर, चारच्या आत. मुदतीच्या दिवशी नाही. अजून कामाचा एक अख्खा दिवस हातात असताना विचारलं की एचआरला मॅनेजरशी बोलायला वेळ मिळतो, शेवटच्या तासाला विचारलं की ती स्वतःच्या अधिकारात जे सांगू शकते तेच सांगते, आणि ते बहुतेक वेळा "नाही" असतं.

फोन का: कारण ह्यात आवाज महत्त्वाचा आहे. नुसत्या मेलवर "शी इज शॉपिंग फॉर ऑफर्स" असा अर्थ लावायला एक मिनिट लागत नाही. फोनवर तुम्ही शांतपणे, सरळ बोललात की तो अर्थ लागत नाही.

दुसऱ्या कंपनीचं सांगायचं का? माझं उत्तर हो, नाव न घेता. "घरी चर्चा करायचीय" हे कारण एक दिवस चालतं, चार दिवस चालत नाही. आणि वडील आजारी आहेत, गावी कोणी गेलंय वगैरे कारणं देऊ नका, कारण एचआर माणुसकीने दोन दिवसांनी विचारपूस करते आणि मग एका खोट्यावर दुसरं रचत बसावं लागतं.

आपल्या केसमधलं बोलणं असं झालं:

"मॅडम, लेटर पूर्ण वाचलं. रोल आणि पगार दोन्हीबद्दल माझी काही शंका नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगते, एका दुसऱ्या कंपनीत माझी प्रोसेस तुमच्या आधीपासून चालू होती, तिचा शेवटचा राउंड मंगळवारी आहे. तो अर्धवट सोडून तुम्हाला हो म्हणायचं आणि नंतर मन बदलायचं असं मला करायचं नाहीये. शुक्रवारी १० तारखेला दुपारी १२ पर्यंत मी पक्कं हो किंवा नाही सांगते. हो असेल तर राजीनामा त्याच दिवशी टाकीन, माझा शेवटचा दिवस ८ सप्टेंबर येतो, ९ ला बुधवारी जॉइनिंग चालेल का, की ७ च लागेल?"

मग गप्प बसायचं. हे अवघड जातं, पण बसायचं. लोक तिथे घाबरून स्वतःच बोलायला लागतात, "नाहीतर बुधवारपर्यंत पण चालेल, नाहीतर मी सोमवारी पण सांगू शकेन", आणि स्वतःची मुदत स्वतःच कापून टाकतात.

एचआर विचारणारच, "दुसऱ्या ठिकाणी जास्त देतायत का?" खरं उत्तर द्या, तिकडे अजून पगारावर बोलणंच झालेलं नाही. ती विचारेल, "आमच्याकडे यायची शक्यता किती?" टक्के सांगू नका. "तुमची ऑफर मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते म्हणूनच वेळ मागतेय, नसतं तर आजच नाही म्हणाले असते" हे सांगा, अर्थात ते खरं असेल तरच.

फोन ठेवला की पंधरा-वीस मिनिटांत मेल. ऑफर ज्या मेलवर आली त्यावरच रिप्लाय करा, नवीन मेल काढू नका, म्हणजे सगळं एका धाग्यात राहतं. भाषा तुमच्या ऑफिसात चालते ती, बहुतेक इंग्रजीच, पण मजकूर एवढाच:

> "आज फोनवर बोलल्याप्रमाणे, ऑफरवर निर्णय कळवण्यासाठी शुक्रवार १० जुलै, दुपारी १२ पर्यंत मुदत मिळावी ही विनंती. त्या वेळेपर्यंत मी होकार किंवा नकार लेखी कळवेन. होकार असल्यास त्याच दिवशी राजीनामा देईन आणि ९ सप्टेंबरला जॉइन होऊ शकेन. ऑफर लिंकची मुदतही १० जुलैपर्यंत वाढवावी आणि या मेलला उत्तर देऊन कळवावं."

मेलमध्ये दुसऱ्या कंपनीचा उल्लेख नसला तरी चालतो, फोनवर झालेला आहे, मेल पुढे चारजणांना जातो.

शेवटचं वाक्य विसरू नका. असं होतं की एचआर फोनवर "ठीक आहे, घ्या वेळ" म्हणते, पण पोर्टलवरची लिंक सोमवारी रात्री आपोआप बंद पडते, सिस्टीममध्ये ऑफर "एक्स्पायर्ड" दिसायला लागते आणि परत लेटर काढायचं तर परत अप्रूव्हल. तेवढ्यात मॅनेजरचा विचार बदलला तर कोणाला काय बोलणार.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर त्यांना आधी फोन करा, पण मेल कंपनीच्या एचआरला, कन्सल्टंट सीसीमध्ये. कन्सल्टन्सीला त्यांची फी तुम्ही जॉइन झाल्यावर मिळते, त्यामुळे "मी सांगतो त्यांना" म्हणून तुमची विनंती ते मवाळ करून किंवा उशिरा पोचवतात, किंवा तुम्हालाच घाबरवतात की ऑफर जाईल.

> चेक: लेखी उत्तर आलं का? लिंकवर नवीन तारीख दिसते का? दोन्ही नसेल तर सोमवारी सकाळी दहाला एक आठवण करायची, संध्याकाळची वाट बघायची नाही.

६. उत्तर तीन प्रकारचं येतं

*पूर्ण हो.* आभार माना, तारीख कॅलेंडरवर टाका. मधल्या दिवसांत एचआरने कागदपत्रं मागितली, सॅलरी स्लिप वगैरे, तर वेळेवर द्या. मुदत घेतलीय म्हणून गायब व्हायचं नाही.

*अर्धं हो.* हेच जास्त वेळा येतं आणि आपल्या केसमध्येही आलं: बुधवारी ८ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत, त्यापुढे जमणार नाही. इथे लगेच घासाघीस करू नका. "ठीक आहे, बुधवारी सहापर्यंत सांगते" म्हणा आणि परत हिंजवडीला फोन करा: "मला बुधवारी सहाची मुदत मिळालीय, मंगळवारच्या राउंडचा निकाल आणि पगाराचा आकडा बुधवारी दुपारपर्यंत निदान मेलवर मिळेल का?" मॅनेजर राउंडनंतर फीडबॅक त्याच दिवशी टाकणं त्यांना शक्य असतं, लेटरलाच वेळ लागतो, म्हणून मागायचा तो निकाल आणि आकडा मेलवर.

*नाही.* कधी येतं? सर्व्हिस कंपनीत क्लायंट प्रोजेक्टसाठी भरती असेल आणि बिलिंगची तारीख ठरलेली असेल तेव्हा. कोणी अचानक सोडून गेलंय आणि ती जागा भरायचीय तेव्हा. किंवा एकदम पंधरा-वीस जणांची बॅच घेतायत तेव्हा. फोनवर एचआर "क्लायंट", "ऑनबोर्डिंग बॅच", "रिप्लेसमेंट" असे शब्द वापरत असेल तर मुदत मिळणं अवघड आहे हे ओळखा आणि जास्त ताणू नका. नीट मागितलेल्या दोन-चार दिवसांसाठी ऑफर काढून घेणं मी फारसं बघितलेलं नाही, पण नकार मिळाल्यावर पुन्हा पुन्हा मागितल्याने मात्र ऑफर जाते.

नाही आल्यावर लोक सगळ्यात मोठी चूक करतात: "आत्ता ॲक्सेप्ट करून ठेवू, तिकडचं झालं तर सोडून देऊ." करू नका. तुम्ही हो म्हणालात की तिकडे पोझिशन बंद होते, दुसऱ्या उमेदवाराला नकार जातो, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू होतं. नंतर माघार घेतली तर कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे ते राहतं. आणि पुण्यातल्या रिक्रूटरही नोकऱ्या बदलतात हो, आज खराडीत असलेली वर्षभराने हिंजवडीत किंवा बाणेरला बसलेली असते. सही करायच्या आधी लेटरमध्ये स्वीकारून न आल्यास काय होईल अशी काही अट आहे का तेही वाचा.

नाही आलं तर निर्णय आहे त्या माहितीवर घ्यायचा: दुसरी कंपनी नसतीच तर ही ऑफर घेतली असती का? हो असेल तर घ्या आणि हिंजवडीचा राउंड रद्द करा. नसेल तर सरळ नाही म्हणा.

७. मुदतीचे दिवस आणि शेवटचा दिवस

मंगळवारचा राउंड झाला. बुधवारी दुपारी एकला हिंजवडीहून फोन, मॅनेजरने हो म्हटलंय, आकडा खराडीपेक्षा थोडा वर, पण मेल अजून नाही, लेटर "एक-दोन दिवसांत". आता काय?

तोंडी हो म्हणजे अर्धं पाऊल. दुसऱ्यांदा मुदत मागायची असेल तर ती फक्त ह्याच परिस्थितीत, निकाल कळलाय आणि फक्त कागद यायचाय, आणि तीही एका कामाच्या दिवसाची. त्यासाठी सहा वाजायची वाट बघायची नाही, दुपारी दोनलाच खराडीला फोन. ते हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर लिखित ऑफर विरुद्ध तोंडी शब्द अशी तुलना उरते, आणि मी असते तर मेलवर आकडा नसताना लेखी ऑफर सोडली नसती. थोड्याशा जास्त आकड्यासाठी तर अजिबातच नाही.

आपल्या मुलीने हिंजवडीला स्पष्ट सांगितलं की पाचपर्यंत मेलवर आकडा आणि रोल आला तरच मी पुढे जाऊ शकते. चार वाजून चाळीस मिनिटांनी मेल आला. मग तिने दोन्ही शेजारी ठेवले: हिंजवडीचा वाढीव भाग जवळजवळ सगळा व्हेरिएबलमध्ये होता, आठवड्यात पाच दिवस ऑफिस, कर्वेनगरहून रोज. खराडीत तीन दिवस. नव्या कंपनीचा नोटीस पिरियड तिकडे ९० दिवस, इकडे ६०. तिने खराडी घेतलं. दुसरं कोणी हिंजवडी घेतलं असतं, तेही बरोबरच.

मधल्या दिवसांत एक मात्र टाळा, मिळालेल्या मुदतीत दुसरीकडचा आकडा आणून इकडे वाढवून मागणं. तुम्ही वेळ मागताना "पगाराबद्दल शंका नाही" म्हणालेला असता. चार दिवसांनी त्याच एचआरला नवा आकडा दाखवलात तर तिने मॅनेजरसमोर तुमच्यासाठी टाकलेला शब्द खोटा पडतो.

शेवटच्या दिवशी क्रम असा ठेवा:

1. मुदतीच्या निदान तासभर आधी फोन. निर्णय आधी झाला असेल तर आधीच, मुदत आहे म्हणून ती संपेपर्यंत थांबायची गरज नाही.
2. होकार असेल तर लिंकवर किंवा लेटरवर सही, आणि त्याच धाग्यात मेल.
3. जॉइनिंग डेट बदलली असेल तर ती बदललेलं लेटर किंवा निदान एचआरचा मेल हातात घ्या. आपल्या केसमध्ये तिने बुधवारीच स्वीकारलं, पण राजीनामा त्या संध्याकाळी टाकायच्या आधी तारीख परत मोजली: ८ जुलैपासून ६० दिवस म्हणजे ६ सप्टेंबर, रविवार. म्हणजे लेटरवरची सोमवार ७ तारीख जशीच्या तशी राहिली, बायआउटही लागलं नाही.
4. मग चालू कंपनीत राजीनामा, पोर्टलवर आणि मॅनेजरला मेलवर, दोन्ही.
5. ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना त्याच दिवशी फोन आणि दोन ओळींचा मेल. कारण लांबवायचं नाही: "दुसरी ऑफर स्वीकारली आहे, तुम्ही वेळ काढलात त्याबद्दल आभार." कोणती कंपनी, किती पगार, हे सांगायला तुम्ही बांधील नाही. हिंजवडीच्या एचआरनेही तुमच्यासाठी बुधवारी पळापळ करून मेल काढलेला असतो, तिला गुरुवारी सकाळी लेटरचं अप्रूव्हल घेण्याआधी हे कळलं पाहिजे.